खोट्या प्लेसमेंट ड्राइव्हचे मेल आले, आता प्राचार्यांना पत्र कसं लिहावं?

शेवटच्या वर्षाच्या मुलांना रात्री साडेनऊला एक मेल येतो. वर एका नावाजलेल्या कंपनीचं बोधचिन्ह, त्याखाली 'पूल कॅम्पस ड्राइव्ह', येत्या रविवारी, हिंजवडी, वार्षिक पॅकेज सव्वासहा लाख. तळाशी लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की नोंदणी आज रात्री बारापर्यंतच. मेलमध्ये मुलाचं पूर्ण नाव, शाखा आणि पीआरएन अगदी बरोबर असतो. दहा मिनिटांत तो मेल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि अकरापर्यंत कुणीतरी नोंदणीचे ८५० रुपये भरून मोकळा झालेला असतो.

दोन दिवसांनी कुणीतरी म्हणतं, प्राचार्यांना पत्र देऊ आणि सायबर जागृतीचं सत्र ठेवायला सांगू. विचार योग्यच आहे. पण प्लेसमेंट कक्षाचं काम पाहताना अशी पत्रं माझ्या हातात आली आहेत आणि त्यांचं पुढे काय होतं तेही मी पाहिलं आहे. 'विद्यार्थ्यांची फसवणूक होत आहे, तरी सत्र आयोजित करावे ही विनंती' एवढंच त्यात लिहिलेलं असतं. प्राचार्य त्यावर 'टीपीओ, कृपया पाहावे' असा शेरा मारतात, कागद फाइलला लागतो आणि महिन्या-दीड महिन्याने सभागृहात पासवर्ड कसा ठेवावा, ओटीपी कुणाला का सांगू नये यावर तासभर भाषण होतं. ज्या मेलमुळे हे सगळं सुरू झालं तो पडद्यावर कुणी दाखवतच नाही.

पत्र वाचून नेमकं काय घडलं ते प्राचार्यांना दोन मिनिटांत कळलं पाहिजे आणि सत्र त्याच घटनेवर बेतलं गेलं पाहिजे. तसं पत्र लिहायचं तर फसवणूक चालते कशी हे आधी आपल्याला नीट सांगता यायला हवं. उदाहरणासाठी वरचाच मेल घेऊ. तो मी रचलेला आहे, त्यातले आकडेही माझेच आहेत, पण अशा मेलची घडण साधारण हीच असते.

मुलं कुठे फसतात

पूल ड्राइव्ह ही खरोखरची पद्धत आहे. कंपनी एका कॉलेजात येते आणि आसपासच्या कॉलेजांच्या मुलांनाही तिथेच बोलावते. त्यामुळे आपल्या कॉलेजात न होणारी, लांबच्या ठिकाणची ड्राइव्ह मुलांना खटकत नाही. तालुक्याच्या किंवा लहान शहरातल्या कॉलेजात कंपन्या मोजक्याच येतात, म्हणून तिथल्या मुलांसाठी पूल ड्राइव्ह हीच मोठी संधी असते. फसवणारे नेमका हाच शब्द उचलतात.

खऱ्या आणि खोट्या ड्राइव्हमधला मुख्य फरक निरोप कुठल्या वाटेने येतो त्यात असतो. खऱ्या पूल ड्राइव्हमध्ये कंपनीचा एचआर विभाग कॉलेजच्या टीपीओला कळवतो. टीपीओ पात्रता तपासतात, म्हणजे टक्के किती, बॅकलॉग आहे का, शाखा चालते का, आणि मुलांची यादी पाठवतात. मुलापर्यंत बातमी येते ती टीपीओंच्या सूचनेतून. पुढे कंपनीचा मेल थेट मुलाला येतो हे खरं, पण तो आपण आधी नाव दिलेल्या ड्राइव्हबद्दल असतो. खोटा मेल टीपीओंना वगळून एकदम मुलाच्या मेलपेटीत उतरतो. काहींमध्ये 'तुमच्या टीपीओंच्या संमतीने' असं वाक्यही घातलेलं असतं. ते खरं की खोटं हे एका फोनवर कळू शकतं, पण मेल रात्री साडेनऊला येतो आणि मुदत बाराला संपते. त्या वेळेला कार्यालय बंद असतं आणि मुलं सरांना फोन करायला कचरतात. ती वेळ मुद्दाम निवडलेली असते.

पुढचा भाग पायरीपायरीने चालतो. ८५० रुपये भरले की दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षेची लिंक येते. परीक्षा सोपी असते आणि जवळपास सगळेच पास होतात. तिसऱ्या दिवशी निवडपत्र येतं, त्यावर शिक्का आणि सही असते. त्याच पत्रात लॅपटॉपची अनामत म्हणून ६,५०० रुपये मागितलेले असतात आणि ते पहिल्या पगारासोबत परत मिळतील असं लिहिलेलं असतं. पहिली रक्कम लहान ठेवण्यामागे कारण आहे. ८५० रुपयांसाठी मुलगा घरी विचारत नाही, मित्राकडून घेतो. निवडपत्र हातात आलं की त्याने घरी पेढे वाटलेले असतात. मग ६,५०० मागितले तेव्हा मागे फिरणं म्हणजे आईबाबांना 'नोकरी लागलेली नाही' असं सांगणं. तिथेच मुलं अडकतात. म्हणून अशा मुलाला 'एवढं कसं कळलं नाही तुला' असं म्हणणाऱ्यांवर मला राग येतो.

दुसरा प्रकार मला याहून घातक वाटतो, कारण त्यात पैसे मागतच नाहीत. 'पगाराचं खातं' म्हणून ठरावीक बँकेत खातं उघडायला सांगतात आणि पडताळणीच्या नावाखाली त्याचं डेबिट कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड, कधी खात्याला जोडलेलं सिमकार्डही मागून घेतात. ते खातं मग दुसऱ्या कुणाकडून लुबाडलेले पैसे फिरवायला वापरलं जातं. अशा खात्याला बँकांच्या आणि पोलिसांच्या बोलण्यात म्यूल अकाउंट म्हणतात. मुलाला हे कळतं ते खातं गोठल्यावर, किंवा परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आल्यावर. कागदोपत्री खातं त्याच्याच नावावर असल्याने आपण फसवले गेलो हे सिद्ध करणं त्याच्यावर येतं.

मेलचा पत्ता मागून वाचायचा

पत्राला जोडण्याआधी मेल खोटा आहे हे आपल्याला दाखवून देता आलं पाहिजे, 'संशयास्पद वाटतो' एवढ्यावर भागत नाही. मेल उघडल्यावर वर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते कुणीही काहीही ठेवू शकतं. पाहायचा असतो त्यामागचा पत्ता. खालचे पत्ते नमुन्याचे आहेत. खरी कंपनी `kampani.example` या नावाने मेल पाठवते असं धरू.

```
hr@kampani.example
hr@kampani-careers.example
hr@kampani.example.drive-reg.example
```

पहिला पत्ता कंपनीचा आहे. दुसऱ्यात कंपनीचं नाव आहे, पण मध्ये आडवी रेघ देऊन ते वेगळंच नाव झालं आहे आणि असं नाव कुणीही विकत घेऊ शकतं. तिसरा सर्वांत फसवा. त्यात कंपनीचं पूर्ण नाव सुरुवातीलाच दिसतं आणि डोळा तिथेच थांबतो. पण मालकी ठरते ती शेवटच्या भागावरून. उजवीकडून वाचत आलं की आधी `.example`, त्याच्या लगेच आधी `drive-reg`, म्हणजे हा पत्ता `drive-reg.example` च्या मालकाचा. त्याच्या डावीकडे तो मालक हवं ते नाव लावू शकतो. घराच्या दारावर 'जिल्हाधिकारी' अशी पाटी लावली तरी सातबारा कुणाच्या नावावर आहे तेच पाहावं लागतं, तसंच हे.

मग उत्तर कुठे जाणार आहे ते पाहायचं. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत `Show original` निवडलं की मेलची मूळ नोंद दिसते. तिथे `Reply-To` या ओळीत वेगळाच, बरेचदा फुकटच्या मेलसेवेचा पत्ता असेल, तर कंपनीच्या एचआरला तसं करायचं काही कारण नसतं.

इथे एक सावधगिरी, कारण थोडंफार तांत्रिक शिकलेली मुलंच यात चुकतात. त्याच पानावर `SPF`, `DKIM` आणि `DMARC` यांच्यापुढे `PASS` लिहिलेलं दिसतं आणि मुलं म्हणतात, सर, मेल तर पास आहे. त्या तपासण्या एवढंच सांगतात की मेल ज्या नावाने आला त्या नावाच्या मालकाच्या परवानगीनेच तो आला. मालक भला की बुरा हे त्या सांगत नाहीत. फसवणाऱ्याने `kampani-careers.example` स्वतः विकत घेतलं असेल, तर त्याचा मेल तिन्ही तपासण्यांत सुखाने पास होतो. `FAIL` दिसलं तर मेल नक्कीच संशयाचा, पण `PASS` दिसलं म्हणून तो खरा ठरत नाही.

नाव कधी नोंदवलं गेलं हे मात्र बरंच बोलून जातं. `lookup.icann.org` वर नाव टाकलं की सहसा नोंदणीची तारीख मिळते. वीस-पंचवीस वर्षं जुन्या कंपनीच्या भरतीचं संकेतस्थळ गेल्या महिन्यात नोंदवलेलं असेल, तर तो पुरावा प्राचार्यांनाही एका नजरेत समजतो. त्या पानाची छापील प्रत पत्राला जरूर जोडा.

पैसे गेले असतील तर पत्र नंतर

प्राचार्यांना दिलेलं पत्र म्हणजे पोलीस तक्रार नव्हे, आणि पत्राची भाषा ठरवण्यात दोन दिवस घालवले तर तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. पैसे गेले असतील तर आधी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करायचा. तिथे मोबाइल नंबर, आपली बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. यूपीआयच्या व्यवहाराला बारा अंकी यूटीआर असतो, तो ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. ही माहिती पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते. रक्कम अजून तिथे असेल तर ती रोखून धरली जाते, पुढच्या खात्यात गेली असेल तर निरोप त्या बँकेकडे सरकतो. फसवणारे पैसे मिनिटामिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात हलवतात, म्हणून पहिले काही तासच खरे उपयोगाचे. त्यानंतर `cybercrime.gov.in` वर पूर्ण तक्रार नोंदवायची आणि मिळालेला पोच क्रमांक जपून ठेवायचा. रोखलेली रक्कम परत मिळायला बराच वेळ आणि कागद लागतात, तेव्हा मुलाला 'आठवड्यात येतील' असं आश्वासन देऊ नका.

पैसे न गेलेल्यांनीही मेल पुसू नये. स्क्रीनशॉट हवाच, पण तेवढा पुरत नाही, आणि मेल नुसता पुढे पाठवला तर त्याची मूळ नोंद गळून पडते. `Show original` च्या पानावरच `Download original` आहे. त्याने उतरलेली `.eml` फाइल हाच खरा पुरावा. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर ते एक्स्पोर्ट करून ठेवा. एकाने सगळ्यांकडून या फाइली गोळा करून पेन ड्राइव्हवर ठेवल्या तर पत्रासोबत देता येतात.

पत्र

आता ही माहिती पत्रात कशी बसते ते पाहा. नमुन्यातल्या गोष्टीत मेल मंगळवारी ९ तारखेला आला आणि पत्र शुक्रवारी १२ तारखेला दिलं आहे.

> दिनांक: १२ सप्टेंबर
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव, गाव)
>
> द्वारा: विभागप्रमुख, संगणक अभियांत्रिकी
>
> विषय: बनावट प्लेसमेंट ड्राइव्हच्या ई-मेलची माहिती आणि त्यावर आधारित जागृती सत्र घेण्याबाबत विनंती.
>
> महोदय,
>
> मंगळवार, दि. ९ रोजी रात्री ९.३० च्या सुमारास आपल्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या ४६ विद्यार्थ्यांना एका कंपनीच्या नावाने 'पूल कॅम्पस ड्राइव्ह'चे निमंत्रण ई-मेलने आले. प्लेसमेंट कक्षाकडे चौकशी केली असता अशी कोणतीही ड्राइव्ह ठरलेली नसल्याचे समजले. ई-मेल ज्या संकेतस्थळाच्या नावाने आला ते कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ नाही. त्याची नोंदणी गेल्या महिन्यातील आहे (सोबत १ व २).
>
> आमच्या माहितीप्रमाणे ९ विद्यार्थ्यांनी आपली कागदपत्रे पाठवली. त्यांपैकी तिघांनी प्रत्येकी ८५० रुपये भरले आणि एकाने त्यानंतर ६,५०० रुपये भरले. एकूण रक्कम ९,०५० रुपये होते. तिघांनीही १९३० वर व राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. संबंधित विद्यार्थ्यांची नावे या पत्रात दिलेली नाहीत. आपण सांगाल त्या अधिकाऱ्यांना ती प्रत्यक्ष भेटून सांगू.
>
> ई-मेलमध्ये विद्यार्थ्यांचे पूर्ण नाव, शाखा व पीआरएन अचूक होते. ही माहिती कोठून गेली असावी याची खातरजमा व्हावी, असे आम्हाला वाटते.
>
> आपणास विनंती की,
>
> याच ई-मेलवर आधारित सुमारे ७५ मिनिटांचे सत्र तृतीय व अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दि. २४ पूर्वी, शक्यतो सकाळच्या तासांत, मराठीतून घ्यावे. सत्रासाठी जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांना व आपल्या परिसरातील बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना बोलवावे आणि टीपीओ सरांनी स्वतः खऱ्या ड्राइव्हची कार्यपद्धती सांगावी.
>
> यापुढे प्रत्येक ड्राइव्हची सूचना महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एकाच ठिकाणी लावली जावी व तेथे नसलेली ड्राइव्ह अधिकृत नाही असे जाहीर करावे.
>
> सत्र होईपर्यंत सोबतच्या मसुद्याप्रमाणे सावधगिरीची सूचना आजच सर्व वर्गांत वाचून दाखवावी (सोबत ३).
>
> सत्राची आखणी, नोंदणी व सभागृहाची व्यवस्था करण्यास आम्ही तयार आहोत.
>
> आपले विश्वासू,
> (विद्यार्थी प्रतिनिधींची नावे, वर्ग, सह्या)
>
> सोबत: १. ई-मेलची छापील प्रत व मूळ फाइल (पेन ड्राइव्ह). २. संकेतस्थळ नोंदणीच्या पानाची प्रत. ३. सूचनेचा मसुदा.
>
> प्रत माहितीसाठी: प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी.

असं का लिहिलं

पत्रात टीपीओंना दोष देणारं एकही वाक्य नाही, आणि ते भीतीपोटी नाही. खोट्या मेलमध्ये त्यांचं नाव त्यांना न विचारता वापरलेलं असतं, म्हणजे तेही यात फसवले गेलेले आहेत. शिवाय सत्राचं काम अखेर त्यांच्याच टेबलावर येणार आहे. म्हणून पत्र देण्याआधी त्यांना भेटून मेल दाखवा आणि मगच प्रत पाठवा. आधी न सांगता थेट प्राचार्यांकडे गेलेलं पत्र टीपीओंना तक्रारच वाटतं, मग सगळी शक्ती खुलासे देण्यात जाते.

नावं न लिहिण्यामागचं कारण साधं आहे. प्राचार्यांच्या नावाचा कागद आवक विभाग, कार्यालय, विभागप्रमुख असा अनेक हातांतून जातो. ज्या मुलीने घरी अजून सांगितलेलं नाही, तिचं नाव त्या वाटेवर कुठेही फुटू शकतं, आणि एकीचं फुटलं की बाकीचे पुढे यायचे थांबतात. मेलच्या छापील प्रतीवरचं नाव आणि पीआरएनही त्यासाठीच काळ्या शाईने झाकून टाका. कंपनीचं नावसुद्धा पत्रात नाही. त्या कंपनीने काही केलेलं नाही, तिचं नाव फक्त वापरलं गेलं आहे आणि ते जोडलेल्या प्रतीत आहेच.

पीआरएनचा मुद्दा मात्र अजिबात गाळू नका. मुलांची यादी बाहेर कशी जाते याची उत्तरं बहुधा साधी निघतात. वर्गाची माहिती भरायला केलेली गूगल शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी ठेवलेली असते आणि ती लिंक दोन-तीन ग्रुपवर फिरलेली असते. निकालाची पूर्ण पीडीएफ संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवलेली असते. कधी एखाद्या 'फ्री इंटर्नशिप'च्या फॉर्मवर मुलांनी स्वतःच सगळं भरलेलं असतं. यात सहसा कुणाचा वाईट हेतू नसतो, म्हणून पत्रात 'खातरजमा व्हावी' एवढेच शब्द आहेत. पण उघडी शीट बंद करायला पाच मिनिटं लागतात, आणि ती बंद केली नाही तर पुढच्या वर्षीच्या मुलांची नावंही तिथूनच जातील.

सत्राची तारीख, वेळ आणि पाहुणे आपणच सुचवले की प्राचार्यांना फक्त हो किंवा नाही म्हणावं लागतं. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला बोलवायचं ते म्यूल खात्यासाठी. पोलीस कायदा सांगतील: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे संगणकाच्या साधनाने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, शिवाय भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची ३१८ आणि ३१९ ही कलमं. पण आपलं खातं दुसऱ्याच्या हाती दिल्यावर काय होतं हे बँकेतला माणूस सांगतो तेव्हा ते मुलांना जास्त भिडतं, कारण गोठलेल्या खात्याचा मालक रडवेला होऊन त्याच्याच काउंटरवर येतो.

७५ मिनिटांतली निदान ३० मिनिटं मुलांच्या हातात फोन हवा. तोच मेल, नावं झाकून, पडद्यावर लावायचा आणि मुलांना विचारायचं की यात पत्ता कुठे संपतो, उत्तर कुठे जातं, नाव कधी नोंदवलं गेलं. प्रत्येकाने आपल्या फोनवर एखादा पत्ता उजवीकडून वाचून शेजाऱ्याला सांगायचा. हे एकदा बोटांनी केलेलं लक्षात राहतं. नुसत्या स्लाइड पाहिलेल्या मुलांना पुढच्या आठवड्यात तिसऱ्या नमुन्यासारखा पत्ता दाखवा, बरीच जणं पुन्हा फसलेली दिसतील.

सगळ्यात टिकाऊ मागणी मात्र एकाच ठिकाणी सूचना लावण्याची आहे. पत्ता वाचायला शिकलेला मुलगाही रात्री बाराच्या मुदतीपुढे गडबडतो. 'सूचना त्या पानावर आहे का' हे पाहायला त्याला दहा सेकंद पुरतात. त्यासाठी ते पान रोजच्या रोज अद्ययावत राहिलं पाहिजे. खरीच ड्राइव्ह दोनदा पानावर लावायची राहून गेली की मुलांचा त्यावरचा विश्वास जातो आणि ती परत ग्रुपवरच्या निरोपांकडे वळतात. ही अडचण प्राचार्यांना भेटून तोंडी सांगा आणि पान सांभाळायला दोन विद्यार्थी स्वयंसेवक देऊ करा.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यायची. सूचनेचा मसुदा तीन-चार ओळींचाच असू द्या, म्हणजे शिक्षक तो वर्गात खरंच वाचतील. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक सांगून कार्यालयात विचारायचं, नवं पत्र लिहायचं नाही. जुन्या क्रमांकाचा कागद शोधावाच लागतो.

सत्रात एक प्रश्न हमखास येतो, तोही सगळे उठून गेल्यावर, हळू आवाजात: 'सर, मी पैसे नाही दिले, पण आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक पाठवलाय. आता?' त्याचं उत्तर वक्त्याकडे आधीच तयार असू द्या. एवढ्या कागदांवर कुणी थेट खात्यातून पैसे काढू शकत नाही, हे आधी सांगायचं, म्हणजे पोराचा जीव भांड्यात पडतो. मग यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला लावायचं. `sancharsaathi.gov.in` वर आपल्या नावाने किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं, तिथे अनोळखी नंबर सापडला तर तिथूनच कळवता येतं. आपल्या नावावर कुणी कर्ज काढलं आहे का हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आणि आज काही दिसलं नाही तरी दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा पाहायचा. चेक ज्या खात्याचा आहे त्या बँकेत लेखी कळवून पोच घ्यायची. आणि पैसे गेले नसले तरी `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायचीच, कारण उद्या त्या कागदांवर काही घडलं तर आपण आधीच कळवलं होतं याची तारीख त्या नोंदीवर असते.